शिफ्ट रजिस्टर आणि 74HC595: कुठल्या एजला नेमकं काय होतं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डिप्लोमा-इंजिनिअरिंगची मुलं आणि घरी हौस म्हणून सर्किट जोडणारी मंडळी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. सगळी उत्तरं `74HC595` या एकाच चिपला धरून आहेत, कारण लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात "५९५ द्या" म्हटलं की हीच हातात पडते. पुढे मी तिला नुसतं ५९५ म्हणतो. आकडे डेटाशीटमधले आहेत, ४.५ व्होल्ट आणि २५ डिग्रीचे, म्हणजे आपल्या ५ व्होल्टच्या सर्किटला पुरेसे जवळचे.

१. शिफ्ट रजिस्टर म्हणजे नेमकं काय? तीन वायरवर आठ एलईडी चालतात कसे?

आत आठ फ्लिप-फ्लॉप एका रांगेत जोडलेले असतात, पहिल्याचं आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला, दुसऱ्याचं तिसऱ्याला, असं शेवटपर्यंत. प्रत्येकात एकच बिट मावतो. बाकावर आठ माणसं दाटीवाटीने बसलीयत आणि कोणी "सरका जरा" म्हणत एका टोकाला येऊन बसला की सगळे एकेक जागा सरकतात आणि दुसऱ्या टोकाचा बाकावरून उठतो, तसंच. "सरका" कधी म्हणायचं ते क्लॉकची वायर ठरवते, नवीन कोण बसणार ते डेटाची वायर ठरवते. आठ वेळा सरकवलं की आठ बिट आत बसलेले असतात, आणि प्रत्येक फ्लिप-फ्लॉपचं आउटपुट बाहेर काढलेलं असल्यामुळे एकामागून एक आलेले बिट आता आठ वेगवेगळ्या पिनांवर एकाच वेळी मिळतात. झालं सिरियलचं पॅरलल. तिसरी वायर लॅचची, ती का लागते ते प्र. ५ मध्ये.

२. डेटा नेमका कुठल्या क्षणी आत जातो? क्लॉक हाय असताना की लो असताना?

दोन्ही नाही. क्लॉक लो वरून हाय होतो तो जो क्षण आहे, म्हणजे राइझिंग एज, फक्त तेव्हाच. त्या क्षणी डेटा पिनवर जे काही असेल ते आत जातं आणि बाकीचे सगळे एक घर पुढे सरकतात. क्लॉक हाय झाल्यावर तुम्ही डेटा दहा वेळा बदला, काही फरक पडत नाही. क्लॉक परत खाली आला, म्हणजे फॉलिंग एज, तरीही काही होत नाही, ती फक्त पुढच्या एजची तयारी.

बरेच जण इथेच गोंधळतात कारण त्यांच्या डोक्यात "क्लॉक हाय म्हणजे दार उघडं" असं चित्र असतं. तसं वागणारे भाग असतात (लेव्हलवर चालणारा लॅच), पण ५९५ मध्ये शिफ्टचा आणि लॅचचा, दोन्ही क्लॉक एजवरच चालतात.

आणि सगळे आठ फ्लिप-फ्लॉप एकाच एजला हलतात, तरी एक बिट एका एजमध्ये दोन घरं का पळत नाही? कारण एज आल्यावर फ्लिप-फ्लॉपचं आउटपुट बदलायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात शेजाऱ्याने जुनी किंमत उचललेली असते. हाच मुद्दा दोन चिप जोडताना परत येतो, प्र. १० बघा.

३. प्रत्येक डायग्राममध्ये पिनची नावं वेगळी का असतात? मी कुठलं धरू?

कंपन्या आपापली नावं देतात, त्यामुळे नंबर पाठ करा, नावं नको. १४ नंबर डेटा (`SER` किंवा `DS`), ११ नंबर शिफ्ट क्लॉक (`SRCLK` किंवा `SHCP`), १२ नंबर लॅच क्लॉक (`RCLK` किंवा `STCP`). १० नंबर क्लिअर, तो लो केला की काम करतो, वापरणार नसाल तर थेट ५ व्होल्टला बांधा. १३ नंबर आउटपुट एनेबल, तोही लो असतानाच आउटपुट चालू, वापरणार नसाल तर ग्राउंडला. १६ ला सप्लाय, ८ ला ग्राउंड. ९ नंबर पुढच्या चिपसाठी. आउटपुट `QA` ते `QH`, त्यातला `QA` एकटाच १५ नंबरला आणि बाकी सात १ ते ७ वर, यामुळे ब्रेडबोर्डवर पहिला एलईडी दुसऱ्या बाजूला जातो आणि लोक चुकतात. काही डेटाशीटमध्ये यांनाच `Q0` ते `Q7` म्हणतात.

१० आणि १३ लोंबकळत ठेवू नका. "कधी चालतं कधी नाही, हात जवळ नेला की बदलतं" असं जे जे लिहून येतं त्यात मी सगळ्यात आधी हेच दोन पिन विचारतो, आणि बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

४. एक बाइट पाठवला तर प्रत्येक क्लॉकला आत काय होतं ते एकदा करून दाखवा ना.

घ्या. `10110010` पाठवू, म्हणजे हेक्समध्ये `0xB2`. सगळ्यात डावा बिट आधी. सुरुवातीला रजिस्टर रिकामं धरलंय. डाव्या कॉलममध्ये कितवी एज, मग त्या वेळी डेटा पिनवर काय होतं, आणि मग एज झाल्यानंतर `QA` ते `QH` च्या आतल्या घरांत काय आहे.

```
edge  data   A B C D E F G H
 1     1     1 0 0 0 0 0 0 0
 2     0     0 1 0 0 0 0 0 0
 3     1     1 0 1 0 0 0 0 0
 4     1     1 1 0 1 0 0 0 0
 5     0     0 1 1 0 1 0 0 0
 6     0     0 0 1 1 0 1 0 0
 7     1     1 0 0 1 1 0 1 0
 8     0     0 1 0 0 1 1 0 1
```

पहिल्या एजला आत आलेला १ बघा कसा तिरका खाली उतरत आठव्या एजला `H` ला पोचला. म्हणजे जो बिट आधी पाठवला तो सगळ्यात लांब जातो. शेवटची ओळ उजवीकडून डावीकडे वाचा, `10110010`, आपलाच बाइट. हा तक्ता एकदा स्वतःच्या हाताने वेगळा बाइट घेऊन काढा, व्हायव्हाला पण हाच विचारतात.

आठव्या ओळीनंतरही बाहेरच्या पिनांवर अजून काहीच बदललेलं नाही हे लक्षात ठेवा. हे सगळं आतलं चाललंय. बाहेर यायला लॅच क्लॉकची एक राइझिंग एज लागते.

५. मग लॅच कशाला? थेट बाहेर दाखवलं तर काय बिघडतं?

वरचाच तक्ता परत बघा. `A` ला जोडलेला एलईडी आठ एजमध्ये १,०,१,१,०,०,१,० असा लुकलुकला असता, तुम्हाला शेवटी तो बंदच हवा होता. साधे एलईडी असतील तर डोळ्याला हलकीशी झाक दिसेल, पण तिथे रिले किंवा मोटर ड्रायव्हर असेल तर मधल्या प्रत्येक चुकीच्या स्थितीवर तो इमानदारीत काम करणार.

म्हणून ५९५ मध्ये रजिस्टरचे दोन संच आहेत. एक शिफ्ट होणारा, आणि त्याच्या शेजारी आठ फ्लिप-फ्लॉपचा दुसरा, साठवणारा. बाहेरचे पिन या दुसऱ्याला जोडलेत. लॅच क्लॉकची राइझिंग एज आली की पहिल्यातले आठही बिट एकदम दुसऱ्यात उतरतात, आणि १७ नॅनोसेकंदांच्या आसपास (जास्तीत जास्त ३०) बाहेर दिसतात. `74HC164` मध्ये हा दुसरा संच नाही, तिथे सगळं सरकणं बाहेर दिसतं.

उपप्रश्न नेहमी येतो की पाठवायच्या आधी लॅच लो करायचा असतो ना? लो केल्याने काहीही होत नाही. लो केल्याशिवाय परत हाय करता येत नाही, एवढाच त्याचा उपयोग. कुणी आधी लो करून शेवटी हाय करतो, कुणी शेवटी हाय-लो असा छोटा पल्स देतो, चिपच्या दृष्टीने दोन्ही एकच.

६. पिन वाचवायला शिफ्ट क्लॉक आणि लॅच क्लॉक एकत्र जोडले तर चालेल का?

चालतं, पण आउटपुट कायम एक पाऊल मागे राहतं. एकाच एजला शिफ्ट रजिस्टर सरकतं आणि साठवणारं रजिस्टर त्याची *सरकण्याआधीची* स्थिती उचलतं, तीच प्र. २ मधली गोष्ट. म्हणजे वरच्या उदाहरणात आठव्या एजनंतर बाहेर सातवी ओळ दिसेल, `10011010`. आठवी ओळ बघायला नववा पल्स द्यावा लागतो. आणि मधलं सगळं सरकणं पण बाहेर दिसणार, त्यामुळे लॅचचा फायदा गेलाच. एक पिन वाचवायला एवढं नुकसान, माझं मत विचाराल तर नको.

७. सगळं चालतंय पण पॅटर्न आरशात बघितल्यासारखा उलटा येतो.

बिटचा क्रम उलटा पाठवताय. आर्डुइनोच्या `shiftOut` मध्ये `MSBFIRST` दिलं तर बिट ७ `QH` ला आणि बिट ० `QA` ला जातो. `LSBFIRST` दिलं तर नेमकं उलट, `0xB2` पाठवून `0x4D` दिसेल. दोन्हीत बरोबर-चूक असं काही नाही, तुमचे एलईडी कसे जोडलेत त्यावर आहे. फक्त उलटं येणं आणि एक घर सरकून येणं यात फरक करा. उलटं येत असेल तर प्रोग्रॅममध्ये एक शब्द बदलायचा, सरकून येत असेल तर प्र. १३.

८. सेटअप टाइम, होल्ड टाइम हे सगळं मला खरंच बघावं लागतं का?

काय आहे ते समजून घ्या, मग बघायचं का ते ठरवा. शिफ्ट क्लॉकची एज यायच्या किमान २० नॅनोसेकंद आधीपासून डेटा पिनवर बिट स्थिर हवा, हा सेटअप टाइम. एजनंतर किती वेळ टिकवायचा, तो होल्ड टाइम, ५९५ साठी शून्य. क्लॉकचा हाय भाग आणि लो भाग प्रत्येकी किमान १६ नॅनोसेकंद. आणि शेवटच्या शिफ्ट एजनंतर किमान १५ नॅनोसेकंदांनी लॅचची एज. सेटअप पाळला नाही तर जुना बिट आत जाईल की नवा याची खात्री नाही.

आता तुमचा आर्डुइनो अनो १६ मेगाहर्ट्झवर चालतो, त्याचं एक सायकलच ६२.५ नॅनोसेकंदांचं, आणि `digitalWrite` ला तर काही मायक्रोसेकंद जातात. म्हणजे अनोवरून तुम्ही मुद्दाम ठरवलंत तरी ५९५ ला घाई होईल इतकं फास्ट चालवणं अवघड आहे. यावर मी जरा हट्टाने बोलतो कारण काही बिनसलं की लोक पहिलं काम म्हणजे मध्ये मध्ये `delay` पेरतात. टायमिंगच्या तक्रारी खऱ्या असतात पण त्यातल्या बहुतेक "क्लॉक फार फास्ट" या नसतात, "एज घाण आहे" किंवा "एज जास्त मोजल्या जातायत" या असतात, आणि तिथे डिलेचा काही उपयोग नाही.

हो, सप्लाय २ व्होल्टवर आणला तर सेटअप २० वरून १०० नॅनोसेकंद होतो. बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटवाल्यांनी तेवढं ध्यानात ठेवा.

९. कोड स्वतः लिहायचा असेल तर ओळींचा क्रम कसा? आणि एसपीआय वापरलं तर कुठला मोड?

क्रम एकच: आधी डेटा, मग क्लॉक हाय, मग क्लॉक लो. आठ वेळा. मग लॅच.

```
void pathva(byte b) {
  for (int i = 7; i >= 0; i--) {
    digitalWrite(DATA, (b >> i) & 1);
    digitalWrite(SHIFT, HIGH);  // bit aat jaato
    digitalWrite(SHIFT, LOW);
  }
  digitalWrite(LATCH, HIGH);    // baaher disto
  digitalWrite(LATCH, LOW);
}
```

सुरुवातीला `SHIFT` आणि `LATCH` दोन्ही लो असायला हवेत. `SHIFT` आधीच हाय असेल तर पहिल्या फेरीत एजच तयार होत नाही, पहिला बिट आतच जात नाही.

एसपीआयला मोड ०. त्यात डेटा फॉलिंग एजला बदलतो आणि राइझिंगला उचलला जातो, ५९५ ला हवं तेच. ४ मेगाहर्ट्झला एक क्लॉक २५० नॅनोसेकंदांचा, म्हणजे बिट एजच्या १२५ नॅनोसेकंद आधी तयार, लागतात फक्त २०, आणि पूर्ण बाइट २ मायक्रोसेकंदांत. मोड १ लावला तर डेटा राइझिंग एजलाच बदलायला लागतो, नेमकं त्याच क्षणी ५९५ वाचत असतं, आणि होल्ड शून्य असल्यामुळे त्याला बहुतेकदा आधीचा बिट मिळतो. दिसायला सगळं नीट पण एक घर सरकलेलं. लॅच मात्र एसपीआय आपोआप देत नाही, तो वेगळ्या पिनवरून तुम्हीच द्यायचा.

१०. दोन-तीन चिप एकापुढे एक जोडायच्या तर? दुसऱ्या चिपला नवीन बिट मिळतो की जुना?

पहिल्या चिपचा ९ नंबर (`QH'`) दुसऱ्याच्या १४ ला जोडा, दोन्ही क्लॉक सगळ्यांना सामायिक. ७ नंबरचा `QH` नका जोडू, तो साठवणाऱ्या रजिस्टरचा आहे आणि लॅच दिल्याशिवाय हलत नाही. ९ नंबर थेट शिफ्ट रजिस्टरच्या शेवटच्या घरातून येतो.

आता १६ एज द्यायच्या आणि शेवटी एकदाच लॅच. आधी पाठवलेला बाइट लांबच्या चिपमध्ये जातो. जवळच्या चिपवर `0xB2` आणि लांबच्या चिपवर `0x0F` हवं असेल तर आधी `0x0F` पाठवा. वरचं `pathva` जसंच्या तसं दोनदा बोलावलं तर पहिल्या बाइटनंतर पण लॅच होतो आणि क्षणभर चुकीचं चित्र दिसतं, त्यामुळे लॅचच्या दोन ओळी फंक्शनच्या बाहेर काढा.

बिट कुठला मिळतो, तर जुना, आणि तोच हवा. एज आली की दुसरी चिप ९ नंबरवरची त्या क्षणाची किंमत उचलते. पहिल्या चिपचा ९ नंबर बदलायला १७ नॅनोसेकंदांच्या आसपास लागतात, तोपर्यंत दुसऱ्याचं काम झालेलं असतं. पण हे तेव्हाच खरं जेव्हा क्लॉक दोघांना जवळपास एकाच वेळी पोचतो. क्लॉकची वायर मधल्या एखाद्या बफरमधून किंवा गेटमधून गेली आणि दुसऱ्या चिपला क्लॉक वीस-तीस नॅनोसेकंद उशिरा मिळाला, तर तोवर ९ नंबरवर नवीन बिट आलेला असतो आणि एक बिट कायमचा गिळला जातो. लांब साखळीत क्लॉकला बफर लावायचा असेल तर एक युक्ती म्हणजे बफर केलेला क्लॉक आधी *शेवटच्या* चिपला पोचेल अशी वायर फिरवायची, म्हणजे उशीर झाला तरी तो धोक्याच्या बाजूला होत नाही.

साखळीचा वेगही एका चिपपेक्षा कमी. एकटी ५९५ ३१ मेगाहर्ट्झपर्यंत जाते. साखळीत ९ नंबर बदलायला वाईटात वाईट ३२ आणि पुढच्याचा सेटअप २०, असे ५२ नॅनोसेकंद दोन एजमध्ये हवेतच, म्हणजे साधारण १९ मेगाहर्ट्झ. साखळीत दोन चिप असोत की वीस, हिशेब तोच, कारण प्रत्येक चिपला फक्त शेजाऱ्याचीच वाट बघायची असते.

११. सप्लाय चालू केला की एलईडी वाट्टेल तसे पेटतात, कोड चालू व्हायच्या आधीच.

चिप चालू होताना दोन्ही रजिस्टरमध्ये काय असेल याची काही खात्री नसते. रिले असेल तर हे त्रासदायक. १३ नंबरला १० किलोओहमचा रेझिस्टर ५ व्होल्टकडे लावा, म्हणजे चालू होताना आउटपुट बंदच. मग कोडमध्ये आधी शून्य पाठवा, लॅच द्या, आणि त्यानंतर १३ नंबर लो करा. क्रम महत्त्वाचा, आधीच लो केलात तर परत तेच. आउटपुट बंद असतानाची पिन हवेत असल्यासारखी असते, म्हणून रिले ड्रायव्हरच्या इनपुटला ग्राउंडकडे एक रेझिस्टर हवाच.

१२. क्लिअर पिन लो केला तरी एलईडी विझत नाहीत. चिप गेली का?

नाही गेली. १० नंबर फक्त शिफ्ट रजिस्टर साफ करतो, तोही क्लॉकची वाट न बघता. साठवणारं रजिस्टर तसंच राहतं, आणि एलईडी त्यालाच जोडलेत (प्र. ५). क्लिअरनंतर एक लॅच एज द्या, विझतील. आणि नुसतं थोडा वेळ विझवायचं असेल तर क्लिअरच्या नादी लागूच नका, १३ नंबर हाय करा, आतला डेटा शाबूत राहतो. त्याच पिनवर पीडब्ल्यूएम दिलं तर ब्राइटनेस पण कमी-जास्त होतो.

१३. पॅटर्न बरोबर असतो पण कधीतरी एक घर पुढे सरकून येतो. कितीही डिले टाकला तरी तेच. वेड लागायची वेळ आलीय.

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि उत्तर डिलेमध्ये नाही हे तुम्ही स्वतःच सिद्ध केलंय. चिपने आठऐवजी नऊ एज मोजल्यात.

क्लॉकची वायर लांब असली, समजा अर्धा मीटर, आणि शेजारून ग्राउंड नसला, की वेगाने वर जाणारी एज पलीकडच्या टोकावर आपटून हेलकावते. वर जाते, मध्येच खाली डोकावते, परत वर. खाली डोकावताना उंबरठ्याच्या खाली गेली तर चिपला ती दुसरी राइझिंग एज वाटते, आणि त्याच बिटची दुसरी प्रत आत जाते. तुम्ही एक मिलिसेकंद थांबलात काय आणि एक सेकंद थांबलात काय, एज तेवढीच तीव्र आहे, हेलकावा तेवढाच. ओळखायचं कसं, तर `0xB2` पाठवून बघा. मध्येच कुठलातरी एक बिट दोनदा आलेला आणि त्याच्या आधी पाठवलेले बिट एक घर `H` कडे सरकलेले दिसले तर ही एज जास्त मोजल्याची खूण. उलट्या बाजूला सरकले असतील तर एज कमी पडली, मग सैल जंपर बघा.

उपाय स्वस्त आहेत. मायक्रोकंट्रोलरच्या *पिनजवळ* क्लॉकच्या वायरीत ४७ ते १०० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये घाला. चिपजवळ घातला तर तेवढा उपयोग होत नाही. क्लॉकच्या वायरीबरोबर ग्राउंडची वायर पीळ देऊन न्या. आणि प्रत्येक चिपच्या १६ आणि ८ मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, पाय छोटे ठेवून. आठ एलईडी एकदम पेटले की ग्राउंड क्षणभर उचलला जातो आणि चिपला क्लॉक हलल्याचा भास होतो. फक्त लॅच दिल्यानंतरच बिघडत असेल तर आधी हा कपॅसिटर बघा.

१४. नेटवरच्या एका डायग्राममध्ये लॅच पिनला १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. लावू का?

नको. कपॅसिटर सप्लायवर हवा, सिग्नलवर नाही. ५९५ ला ४.५ व्होल्टवर इनपुट ५०० नॅनोसेकंदांच्या आत चढलेला हवा. मायक्रोकंट्रोलरच्या पिनचा स्वतःचा रेझिस्टन्स २५ ओहम धरला तरी १ मायक्रोफॅरडबरोबर

```
25 ohm x 1 uF = 25 us
```

म्हणजे मर्यादेच्या पन्नासपट. एवढी रेंगाळत चढणारी एज उंबरठ्यापाशी घुटमळते आणि जराशा नॉइजने एकाच्या दोन-चार एज होतात. लॅचवर हे कधीकधी खपून जातं, कारण तोच डेटा दोनदा लॅच झाला तर दिसत नाही. "मी लावलाय आणि चालतंय" म्हणणारे यामुळेच भेटतात. तोच कपॅसिटर शिफ्ट क्लॉकवर लावून बघा, लगेच कळेल.

१५. ईएसपी३२ वरून ५ व्होल्टची ५९५ चालवतोय, मधूनच बिट चुकतात.

एचसी कुटुंबातल्या चिपला हाय मानायला सप्लायच्या ७० टक्के लागतात, ५ व्होल्टला ३.५. तुमचा ईएसपी देतो जास्तीत जास्त ३.३. टेबलावर चालतं, प्रदर्शनाच्या दिवशी चालत नाही. दोन मार्ग: ५९५ लाच ३.३ व्होल्ट द्या, किंवा `74HCT595` आणा, पिन तेच, पण त्याला २ व्होल्टलाच हाय कळतो. दुकानात मागताना "एचसीटी" स्पष्ट सांगा आणि चिपवरचा छापा वाचूनच पैसे द्या.

१६. मध्येच क्लॉक थांबला तर अर्धवट आलेला डेटा पुसला जातो का?

नाही. सप्लाय आहे तोवर बिट जागच्या जागी राहतात, पाचव्या एजनंतर जेवून आलात तरी सहावी एज तिथूनच पुढे. इंटरप्ट मध्ये आल्याने म्हणूनच काही बिघडत नाही, फक्त त्या इंटरप्टनेच त्याच पिनांवर स्वतःचा बाइट पाठवायला घेतला तर दोघांची खिचडी होते. किमान वेग असा काही नाही, आणि याचा फायदा प्र. १८ मध्ये घेतलाय.

१७. आठही एलईडीला किती ओहम लावू?

एका पिनपेक्षा पूर्ण चिपचा हिशेब बघा, सप्लाय किंवा ग्राउंड पिनमधून कमाल ७० मिलिअँपिअर. लाल एलईडीवर २ व्होल्ट धरले तर ३३० ओहमला साधारण ९ मिलिअँपिअर, आठांचे ७२, मर्यादा ओलांडली. ४७० ओहमला साडेसहाच्या आसपास, आठांचे ५१, ठीक. रिलेची कॉइल थेट लावू नका, त्याला `TPIC6B595` सारखी चिप किंवा मध्ये ड्रायव्हर. त्याचे पिन मात्र वेगळे आहेत, तसाच सॉकेटमध्ये खुपसू नका.

१८. लॉजिक ॲनलायझर नाही. एकेक एज डोळ्याने कशी बघू?

`SHIFT` हाय केल्यानंतर ५०० मिलिसेकंदांचा डिले घाला आणि प्रत्येक शिफ्टनंतर लॅचचा पल्स पण द्या, फक्त तपासणीपुरता. आता प्र. ४ चा तक्ता एलईडीवर एकेक ओळ करत उतरताना दिसेल. `0xB2` च पाठवा आणि तक्त्याची ओळ न् ओळ जुळवा, ज्या ओळीला पहिल्यांदा फरक पडला तिथे शोधा. पहिल्याच ओळीला एकाऐवजी दोन एलईडी पेटले तर एज दोनदा मोजली जातेय (प्र. १३). काहीच पेटत नसेल तर मल्टिमीटरने आधी १० नंबर हाय आणि १३ नंबर लो आहे ना ते बघा.

डिले नको म्हणून काही जण क्लॉकला पुश बटण लावतात आणि एका दाबण्यात चार घरं सरकली म्हणून चिपला शिव्या देतात. बटणाचे कॉन्टॅक्ट दाबताना उडतात, प्रत्येक उडीला एक एज. बटणच हवं असेल तर ते मायक्रोकंट्रोलरला जोडा, तिथे २० मिलिसेकंद थांबून परत वाचा, आणि मग स्वच्छ पल्स तिथून पाठवा.

१९. उलटं, म्हणजे आठ बटणं वाचायची आहेत, १६५ वापरतोय. पहिलं बटण कायम हरवतं.

`74HC165` मध्ये लोड पिन लो करून हाय केला की पहिला बिट आउटपुटवर *आधीच* हजर असतो, क्लॉक न देता. आणि `shiftIn` आधी क्लॉक हाय करतो, मग वाचतो. म्हणजे वाचायच्या आधीच एक एज खर्च झाली आणि पहिला बिट निघून गेला. स्वतःचा लूप लिहा, आधी वाचा आणि मग क्लॉक द्या. `shiftIn` च वापरायचं असेल तर लोड लो असतानाच क्लॉक हाय करून ठेवा, मग लोड हाय करा. आता `shiftIn` ने केलेल्या पहिल्या हायला एजच तयार होत नाही आणि आठही बटणं मिळतात.